आठ स्क्रू, दहा फोटो: एका फोटो डंपच्या कॅप्शनचं प्रकरण

दोन बहिणी एका घरातून दुसऱ्या घरात राहायला गेल्या. त्या दिवसांतले ३१ फोटो धाकटीच्या फोनमध्ये होते आणि तिला ते इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये टाकायचे होते. फोटो साधेच: खोकी, रिकाम्या खोल्या, हात, उजेड, सुट्या फळ्या. वेगवेगळे पाहिले तर त्यातला एकही मुद्दाम थांबून बघावा असा नव्हता. सगळे मिळून मात्र त्यांच्यात एक छोटी गोष्ट होती. पुस्तकांचं कपाट सुटं करून नेलं, त्याचे स्क्रू हरवले, नऊ दिवस पुस्तकं जमिनीवर राहिली आणि मग स्क्रू सापडले. हे प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण फोटो डंप करणाऱ्यांच्या, म्हणजे असे बरेच फोटो एकत्र टाकणाऱ्यांच्या, रोजच्या परिचयाची आहे.

मूळ अडचण कॅरोसेलच्या, म्हणजे एकेक फोटो सरकवत बघायच्या पोस्टच्या, रचनेतच आहे. फोटो कितीही असले तरी सगळ्या पोस्टला कॅप्शन एकच. प्रत्येक फोटोखाली वेगळी ओळ लिहायची सोय नाही. २०१७ मध्ये कॅरोसेल आलं तेव्हा एका पोस्टमध्ये दहापर्यंत फोटो टाकता यायचे, २०२४ पासून वीस टाकता येतात. म्हणजे फोटोंची जागा दुप्पट झाली, कॅप्शन मात्र एकच राहिलं. गोष्ट सांगायची तर त्या एकाच मजकुराने वीसपर्यंत चित्रांना धरून ठेवायचं असतं.

पहिला मसुदा १४ फोटोंचा होता आणि त्याखाली एवढंच:

> नवं घर, नवी सुरुवात. गेल्या काही दिवसांतले काही क्षण.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण हीच ओळ घर बदललेल्या कोणाच्याही पोस्टखाली चालेल. वाचणाऱ्याला पहिल्या फोटोवरून दुसऱ्यावर जायचं कारण तिच्यातून मिळत नाही. मनात प्रश्नच उभा राहत नाही, मग उत्तर शोधायला बोट कशाला सरकेल?

दुसऱ्या मसुद्यात तिने आकडे घातले:

> १. रिकामी भिंत २. सुटं केलेलं कपाट ३. सामानाची गाडी ४. खोकी ५. ओट्यावर पुस्तकं ६. स्क्रू ७. संध्याकाळ…

आकडे घालणं ही बरोबर दिशा होती. फोटोच्या कोपऱ्यात कितवा फोटो चालू आहे ते क्षणभर दिसतं, खाली ठिपकेही असतात, त्यामुळे वाचणारा ओळ आणि चित्र यांची जोडी सहज लावतो. अडचण ओळींमध्ये आहे. प्रत्येक ओळ फोटोत दिसतं तेच पुन्हा सांगते. भिंत रिकामी आहे हे डोळ्यांना आधीच कळलेलं असतं. अशा यादीतल्या दोनतीन ओळी वाचल्या की पुढच्या ओळींतही नवं काही नसणार हे वाचणारा ओळखतो आणि कॅप्शन सोडून देतो. फोटो डंपची बरीच कॅप्शनं इथेच अडकतात, आणि लिहिणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात प्रत्येक फोटोमागची हकीगत आपोआप चालू असते.

म्हणून लिहायला बसण्याआधी दोन कामं करायला हवी होती: धागा शोधायचा आणि फोटो कमी करायचे.

धागा शोधण्याची रीत सोपी आहे. सगळे फोटो काळाच्या क्रमाने लावायचे आणि विचारायचं, पहिल्या फोटोत नसलेलं किंवा अडलेलं असं काय आहे, जे शेवटच्या फोटोत मिळालेलं किंवा सुटलेलं दिसतं? ‘घर बदललं’ हे उत्तर फार मोठं आहे, दहा फोटोंत मावत नाही. ‘कपाट उभं नव्हतं, मग उभं राहिलं’ हे मावतं. आणि कपाट इतके दिवस आडवं का राहिलं, तर आठ स्क्रूंमुळे. धागा जितका लहान आणि हाताला लागणारा, तितका तो दहा फोटोंना पुरतो.

धागा ठरला की फोटो आपोआप गळतात. १४ पैकी चार गेले. नव्या घराच्या किल्लीचा फोटो छान होता, पण तो दुसऱ्याच गोष्टीची सुरुवात करत होता. बहिणींचा आरशातला फोटो चेहऱ्यांकडे लक्ष ओढत होता. खोक्यांचे तीन फोटो जवळजवळ सारखे होते, त्यातला एकच राहिला. वीसची मर्यादा आहे म्हणून वीस भरायची गरज नसते. या गोष्टीला तीन शोध, एक थकवा आणि एक सुटका लागते, आणि दहा फोटोंत ते नीट बसतं.

उरलेला क्रम असा:

पहिला फोटो नव्या घरातल्या रिकाम्या भिंतीचा, तिच्यावर पेन्सिलने चार खुणा. दुसरा जुन्या घरातला, सुट्या केलेल्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. तिसरा सामानाच्या गाडीच्या आतला, अंधारा. चौथा बंद खोक्याचा, वर ‘महत्त्वाचं’ असं लिहिलेलं. पाचव्यात स्वयंपाकाच्या ओट्यावर पुस्तकांची चवड. सहाव्यात एका तळहातावर तीन वेगवेगळे स्क्रू. सातव्यात रिकाम्या खोलीत पडलेला संध्याकाळचा उजेड. आठव्यात एकावर एक रचलेल्या शब्दकोशांवर बसलेली थोरली बहीण. नववा हललेला, धूसर: तीच बहीण हातात फळी धरून हसतेय. दहाव्यात उभं कपाट, फक्त एक कप्पा भरलेला.

आता दुसऱ्या फोटोकडे जवळून बघू, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. फळ्यांपैकी सर्वांत रुंद म्हणजे कपाटाची मागची फळी. तिची मागची बाजू कॅमेऱ्याकडे आहे आणि खाली डाव्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लावलेलं छोटं पिवळं पाकीट आहे. स्क्रू त्यातच होते. नव्या घरात फळी टेकवताना ती बाजू भिंतीकडे गेली आणि पाकीट दिसेनासं झालं. म्हणजे उत्तर दुसऱ्या फोटोत पहिल्यापासून समोर आहे, फक्त कोणाचं लक्ष तिकडे जात नाही. कॅरोसेलमध्ये मागे सरकता येतं, आणि ही त्याची सर्वांत मोठी ताकद आहे. शेवटच्या फोटोवरून वाचणाऱ्याला दुसऱ्यावर परत पाठवलं की तीच पोस्ट तो दुसऱ्यांदा वाचतो, या वेळी स्क्रू कुठे आहेत ते माहीत असताना.

अंतिम कॅप्शन हे:

> ताईने आठ स्क्रू सुरक्षित जागी ठेवले. मग नऊ दिवस ती जागा तिलाच आठवेना.
>
> १. कपाट इथे येणार.
> २. “ताई, स्क्रू?” “ठेवलेत गं नीट.”
> ४. ‘महत्त्वाचं’ लिहिलेल्या खोक्यात दोन चार्जर आणि एक बंद घड्याळ.
> ५. तिसरा दिवस. ओट्यावर कादंबऱ्या, म्हणून भांडी खिडकीत.
> ६. पाचवा दिवस. एक आखूड, एक जाड, एक भलत्याच कशाचा तरी.
> ८. आठवा दिवस. शब्दकोश आता स्टूल झालाय.
> ९. “थांब, थांब. तशीच धर.”
> १०. आता दुसऱ्या फोटोत खाली डावीकडे बघा.

सुरुवातीच्या दोन वाक्यांपासून बघू. फीडमध्ये कॅप्शनचा सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो. साधारण १२५ अक्षरचिन्हं हा ढोबळ अंदाज धरला जातो, पुढचं टॅप केल्याशिवाय उघडत नाही. फोनची रुंदी आणि अक्षरांचा आकार यांवर हा आकडा बदलतो, म्हणून त्याच्या बराच आत राहावं. मराठीत इथे एक खाच आहे. मोजणी होते ती काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं धरून. ‘स्क्रू’ हे डोळ्यांना एक अक्षर वाटतं, पण स, हलन्त, क, हलन्त, र आणि दीर्घ उकार मिळून त्यात सहा चिन्हं आहेत. ‘सुरक्षित’मध्ये आठ आहेत. त्यामुळे अंदाजाने लिहिलेली मराठी ओळ वाटते त्यापेक्षा लांब भरते. वरची दोन वाक्यं मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ६९ चिन्हांची आहेत, त्यामुळे ती टॅप न करताही पूर्ण दिसतात. एकूण कॅप्शन पाचशे चिन्हांच्या आत आहे. मर्यादा २,२०० ची आहे, म्हणजे जागेची टंचाई नव्हतीच.

या दोन वाक्यांत तीन गोष्टी येतात: माणूस, हरवलेली वस्तू आणि किती दिवस. घर बदलल्याचं कुठे लिहिलेलं नाही, ते फोटो सांगतात. ‘नऊ दिवस’ हा आकडाही महत्त्वाचा आहे. पुढे ‘तिसरा दिवस’, ‘पाचवा दिवस’ आलं की वाचणाऱ्याला अजून किती वाट बघायची आहे ते कळतं. आठव्या दिवशी त्याला ठाऊक असतं की आता एकच दिवस उरला, आणि तो पुढे सरकतोच.

आता ओळी. प्रत्येकीला एकच कसोटी लावली: फोटो झाकला तर ही ओळ काही नवं सांगते का, आणि ओळ झाकली तर फोटोतून ते कळलं असतं का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तरच ओळ ठेवायची. चौथ्या फोटोत खोकं बंद आहे, आत काय होतं ते फक्त ओळीतून कळतं. पाचव्या फोटोत पुस्तकं दिसतात, पण भांडी चौकटीबाहेर आहेत, म्हणून ओळ भांड्यांचं सांगते. सहाव्यात तीन स्क्रू दिसतात, पण ते का बसले नाहीत हे दिसत नाही. पहिल्या फोटोत पेन्सिलच्या खुणा दिसतात, पण त्या कशाच्या हे ‘कपाट इथे येणार’ या ओळीने कळतं. या कसोटीने ओळी आपोआप आखूडही होतात, कारण दिसणाऱ्या गोष्टींचं वर्णन गळून पडतं.

काळ कोणता वापरायचा, हा प्रश्न जास्त नाजूक होता. मधल्या मसुद्यात पाचवी ओळ अशी होती: ‘तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं की अजून सहा दिवस असेच जाणार.’ वाक्य चांगलं आहे, पण त्यात बोलणारी व्यक्ती शेवट माहीत असलेली आहे. ती पाचव्या फोटोवरून उठून थेट दहाव्याच्या पुढे जाऊन बसते, आणि शोध सुरू असताना सोबत असल्याची भावना जाते. प्रत्येक ओळ त्या त्या फोटोच्या क्षणीच उभी राहिली पाहिजे, तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढंच घेऊन. मराठीत यासाठी क्रियापद गाळण्याची सोय आहे. ‘ओट्यावर कादंबऱ्या’ म्हटलं की काळाचा प्रश्नच मिटतो. पण अशा बिनक्रियापदाच्या चार ओळी लागोपाठ आल्या की तार वाचल्यासारखं होतं, म्हणून मध्ये ‘स्टूल झालाय’सारखं बोलतं क्रियापद हवं. दुसऱ्या आणि नवव्या ओळीतले संवादही तेच काम करतात. दोघींमधलं ‘ताई’ आणि ‘गं’ एवढ्यावरून नातं कळतं, वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

तिसऱ्या आणि सातव्या फोटोला ओळ नाही. गाडीतला अंधार आणि खोलीतला उजेड, दोन्ही फोटो नुसते बघण्याचे आहेत, त्यांना शब्द जोडले तर ते स्पष्टीकरण होतं. इथे आकडा गाळला आहे, त्याच्या जागी रेघ किंवा तीन टिंबं ठेवलेली नाहीत. रेघ ठेवली की तिथे काहीतरी असायला हवं होतं असं वाटतं. दोनवरून थेट चार आलं की वाचणारा तिसरा फोटो नुसता बघतो. एक पथ्य मात्र आहे: प्रत्येक आकडा स्वतंत्र ओळीवर हवा. सगळं एकाच परिच्छेदात ओतलं तर गाळलेला आकडा चूक वाटतो.

सर्वांत अवघड होती शेवटाची जागा. कॅप्शन उघडलं की ते एकदम सगळं दिसतं. फोटो मात्र एकेक येतात. काही जण आधी कॅप्शन वाचून मग फोटो बघतात, काही आधी सगळे फोटो सरकवतात, काही कॅप्शन उघडतच नाहीत. आधीच्या मसुद्यात नववी ओळ होती, ‘अखेर स्क्रू मागच्या फळीलाच चिकटवलेले सापडले!’ जो कॅप्शन आधी वाचतो त्याची गोष्ट पहिल्या फोटोवरच संपली. उपाय असा की शेवटच्या ओळी चित्राशिवाय अपुऱ्या ठेवायच्या. ‘थांब, थांब. तशीच धर’ यातून काही सापडलं एवढं कळतं, काय आणि कुठे ते कळत नाही. दहावी ओळ तर नुसती दिशा दाखवते. जो यादी आधी वाचून काढेल त्यालाही ‘खाली डावीकडे’ काय आहे ते बघायला फोटोकडेच जावं लागतं.

जे कॅप्शन उघडतच नाहीत त्यांच्यासाठी फोटोवर अगदी थोडा मजकूर घातला, तोही तीनच ठिकाणी. पहिल्यावर ‘आठ स्क्रू. नऊ दिवस.’ सहाव्यावर ‘पाचवा दिवस’. दहाव्यावर ‘दुसरा फोटो पुन्हा बघा’. दहाही फोटोंवर लिहिण्याचा मोह आवरावा. शब्द सगळीकडे आले की डोळे शब्दच वाचतात आणि पाकिटासारख्या बारीक गोष्टी नजरेतून सुटतात. दुसऱ्या फोटोवर तर एक अक्षरही नको होतं. फोटोवर देवनागरी लिहिताना बारीक फॉन्ट टाळावा, उजळ भिंतीवर त्याची शिरोरेषा नाहीशी होते आणि शब्द तुटक दिसतो. दोन ओळी असतील तर त्यांच्यातलं अंतर रोमन अक्षरांना ठेवतात त्यापेक्षा जास्त ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना आणि रफारांना भिडतात.

यानंतरची अडचण कॅप्शनची वाटत नाही, पण कॅप्शनच बुडवणारी होती. कॅरोसेलमधल्या सगळ्या फोटोंना रुंदी-उंचीचं एकच प्रमाण लागू होतं. फोनच्या कॅमेऱ्याचा उभा फोटो बहुधा ३:४ असतो. तो १०८० पिक्सेल रुंद धरला तर उंची १४४० होते. पोस्ट ४:५ मध्ये टाकली तर उंची १३५० राहते, म्हणजे ९० पिक्सेल कापले जातात, मध्यावर कापलं तर वरून ४५ आणि खालून ४५. पोस्ट चौकोनी ठेवली तर वरून आणि खालून प्रत्येकी १८० जातात. पहिल्या प्रयत्नात पोस्ट चौकोनी होती आणि पिवळं पाकीट त्या खालच्या १८० पिक्सेलमध्येच होतं. दहावी ओळ वाचून कोणी दुसऱ्या फोटोवर गेलं असतं तर तिथे रिकामी फळी दिसली असती. म्हणून पोस्ट ४:५ केली आणि दुसरा फोटो कापताना बोटाने वर सरकवला, म्हणजे सगळे ९० पिक्सेल वरच्या रिकाम्या भिंतीतून गेले. २०२५ पासून ३:४ फोटो न कापताही टाकता येतो. तो पर्याय मिळत असेल तर उत्तम, पण मग दहाही फोटो त्याच प्रमाणात बरे दिसतात का ते बघावं. कॅप्शन जेव्हा फोटोतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवतं, तेव्हा पोस्ट करण्याआधीच्या शेवटच्या पूर्वदृश्यात तो कोपरा शिल्लक आहे ना, हे डोळ्यांनी तपासावंच लागतं.

पाकीट किती ठळक हवं, याची चाचणी दुसऱ्या माणसावरच होते. गोष्ट माहीत नसलेल्या एकाला दुसरा फोटो पाच सेकंद दाखवायचा आणि काय दिसलं ते विचारायचं. त्याने पहिल्या दमात ‘पिवळं पाकीट’ म्हटलं तर ते फार उठून दिसतंय. तेव्हा फोटो थोडा मोठा ठेवून पाकीट कडेला न्यायचं किंवा पिवळा रंग थोडा मवाळ करायचा. उलट ‘खाली डावीकडे बघ’ सांगूनही त्याला दहा सेकंदांत सापडलं नाही तर ते फार लहान आहे. या प्रकरणात पहिल्याने फळ्या आणि भिंतीवरचा ओरखडा सांगितला, आणि कोपरा सांगितल्यावर पाकीट लगेच दाखवलं. हवं तेच झालं.

दुसऱ्या फोटोचं आणखी एक महत्त्व आहे. एखाद्याने पोस्ट पाहिली पण पुढे सरकवली नाही, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट त्याला नंतर पुन्हा दाखवू शकतं, आणि तेव्हा समोर दुसरा फोटो येतो. म्हणजे काहींसाठी फळ्यांचा फोटो हाच पहिला असतो. सुदैवाने ‘ताईने आठ स्क्रू सुरक्षित जागी ठेवले’ ही ओळ त्याच्याखालीही बसते. दुसऱ्या जागी गाडीतला अंधार असता तर बसली नसती. फोटोंचा क्रम ठरवताना पहिल्या दोन वाक्यांची जोडी पहिल्या फोटोशी आणि दुसऱ्याशी, अशी दोनदा लावून बघावी.

पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना वाचून दाखवलं जाणारं वर्णन, प्रत्येक फोटोला वेगळं देता येतं. तिथे गोष्टीची ओळ लिहू नये, जे दिसतं ते सरळ सांगावं. दुसऱ्या फोटोसाठी हे लिहिलं: ‘भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या सुट्या फळ्या, रुंद फळीच्या खाली डाव्या कोपऱ्यात चिकटवलेलं पिवळं पाकीट, शेजारी गुंडाळलेली दोरी.’ पाकीट वाक्याच्या मध्ये आहे. ते गाळलं असतं तर ऐकणाऱ्याला दहाव्या ओळीचा अर्थच लागला नसता. शेवटी टाकलं असतं तर उत्तर आधीच फुटलं असतं, कारण वाक्याचा शेवट कानात राहतो.

पोस्ट गेल्यावर गोष्ट पोचली की नाही, हे प्रतिक्रियांच्या विषयावरून कळतं. ‘नव्या घराच्या शुभेच्छा’ एवढंच येत राहिलं तर लोकांनी पहिला फोटो पाहून आपल्या मनाने अर्थ लावला. कोणी पिवळ्या पाकिटाचं नाव काढलं किंवा ‘परत जाऊन बघितलं’ म्हटलं तर धागा शेवटपर्यंत टिकला. ‘स्क्रू मिळाले का?’ असा प्रश्न आला तर दहाव्या फोटोवरचा मजकूर दिसला नाही किंवा कोपरा कापला गेला, असं समजून आधी तेच तपासावं.

या रचनेची मर्यादाही स्पष्ट आहे. मागे पाठवणारा शेवट तेव्हाच चालतो, जेव्हा खूण फोटोत खरोखर असते. ती नसेल तर नंतर पाकीट चिकटवून नवा फोटो काढू नये. उजेड, सावल्या, जमिनीवरचं सामान जुळत नाही आणि लक्ष देऊन बघणाऱ्याला ते लगेच कळतं. अशा वेळी दुसरा धागा घ्यावा: एकच जागा तिसऱ्या, पाचव्या, आठव्या दिवशी, किंवा कमी होत जाणारी खोकी. त्यात उलगडा नसतो, पण बदल असतो, आणि ओळींना चालायला तेवढंही पुरतं.

शेवटचा प्रश्न पोस्ट केल्यानंतर आला. चौथ्या फोटोतल्या खोक्याच्या बाजूला सामान नेणाऱ्यांनी लावलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर नव्या घराचा पत्ता वाचता येत होता. घर बदलण्याच्या फोटोंत अशा चिठ्ठ्या, किल्लीवरचे क्रमांक, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत हे सगळं आधीच मोठं करून तपासायला हवं. कॅरोसेलमधून एकटा फोटो काढून टाकता येतो आणि कॅप्शनही नंतर बदलता येतं, म्हणून अख्खी पोस्ट काढावी लागली नाही. पण फोटो काढल्याबरोबर पुढचे सगळे आकडे एकाने सरकले. पाचवा चौथा झाला, दहावा नववा झाला, आणि तासभर कादंबऱ्यांची ओळ स्क्रूंच्या फोटोखाली वाचली जात होती. बदल एकाच वेळी करायचे असतात: आधी नवं कॅप्शन वहीत किंवा नोट्समध्ये तयार ठेवायचं, मग फोटो काढायचा, लगेच मजकूर चिकटवायचा. खोक्याची ओळ गेली तर शोधाची पहिली पायरीच जाते, म्हणून ती ओटा दाखवणाऱ्या ओळीत मिसळली: ‘४. तिसरा दिवस. ‘महत्त्वाचं’ लिहिलेलं खोकं उघडून झालं. ओट्यावर कादंबऱ्या, भांडी खिडकीत.’ त्यानंतर पाच, सात, आठ, नऊ असे आकडे लागले. उजेडाचा फोटो आता सहावा असल्याने सहा गाळला गेला, आणि ‘दुसऱ्या फोटोत’ ही दिशा जशीच्या तशी राहिली, कारण काढलेला फोटो तिच्या नंतरचा होता. पहिला फोटो काढावा लागला असता तर कॅप्शनमधला ‘दुसऱ्या’ हा शब्द आणि शेवटच्या फोटोवर लिहिलेला मजकूर दोन्ही चुकले असते. कॅप्शन बदलता येतं, पण फोटोत मुरलेला मजकूर बदलता येत नाही. म्हणून शेवटच्या फोटोवर आकडा न लिहिता ‘फळ्यांचा फोटो पुन्हा बघा’ असं लिहिलं असतं तर तो कुठल्याही बदलानंतर बरोबरच राहिला असता.